परत न मिळणाऱ्या तिकिटाचा विमा

विमानाचं तिकीट काढताना सगळ्यात शेवटी, पैसे भरायच्या अगदी आधी, एक चौकट पुढे येते. दोनशे-तीनशे रुपयांत प्रवास विमा घ्या, असं तीत लिहिलेलं असतं. खाली घड्याळ उलटं धावत असतं, तिकिटाचा भाव वाढेल अशी धास्ती असते, आणि तिकिटावर तर स्वच्छ शब्दांत ‘नॉन-रिफंडेबल’ असं छापलेलं असतं. अशा वेळी बहुतेकांचं बोट ‘हो’वर पडतं. काही जण तितक्याच घाईनं ‘नाही’ म्हणतात. दोन्ही उत्तरं चुकीची असू शकतात, कारण हा निर्णय ज्या तीन गोष्टींवर अवलंबून आहे, त्या त्या चौकटीत कुठंच लिहिलेल्या नसतात. प्रवास रद्द झाला तर आपले नेमके किती पैसे बुडतील? आपला प्रवास कोणत्या कारणानं रद्द होण्याची शक्यता आहे? आणि ते कारण विमा कंपनीला मान्य आहे का?

पहिला प्रश्न आधी सोडवू, कारण तिथंच बहुतेकांची समजूत चुकते. नॉन-रिफंडेबल म्हणजे तिकिटाची सगळी रक्कम बुडाली, असा अर्थ होत नाही. भारतीय विमान कंपन्यांसाठी डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. त्यांनुसार कंपनी रद्द करण्याबद्दल जे शुल्क कापते, ते मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं प्रवाशाला परत द्यावीच लागतात. तिकीट सवलतीचं असो, मूळ भाडं परत न मिळणारं असो, किंवा प्रवासी विमानतळावर पोचलाच नसो, हा नियम लागू राहतो. मागितल्याशिवाय हे पैसे येतील असं गृहीत मात्र धरू नये. तिकीट रद्द करून परतावा मागावा लागतो.

पुणे–दिल्ली एका बाजूचं सहा हजारांचं तिकीट घेऊ. हे आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. तुमच्या तिकिटावर भाड्याची फोड असते, तिच्यातले आकडे इथं घालायचे. समजा, यात मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून 4,900 रुपये आहेत आणि उरलेले 1,100 कर आणि विमानतळाची शुल्कं. प्रवास रद्द झाला तर जास्तीत जास्त 4,900 रुपये जातील. तिकीट एखाद्या वेबसाइटवरून काढलं असेल तर तिचं सेवाशुल्कही जाईल, ते वेगळं. आता विमा 299 रुपयांचा आहे असं धरू. 299 ला 4,900 नं भागलं की सहा टक्क्यांच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे असे सोळा प्रवास केले आणि त्यांतला एक विम्यात बसणाऱ्या कारणासाठी रद्द झाला, तर तुमचा खर्च आणि भरपाई यांची बरोबरी होते. त्याहून कमी वेळा रद्द होत असेल तर विमा तुम्हाला महाग पडला. अनेक पॉलिसींत भरपाईतून एक ठरावीक रक्कम आधी वजा होते. ती 500 रुपये धरली तर प्रमाण पंधरात एक होतं.

या वाक्यातले ‘विम्यात बसणाऱ्या कारणासाठी’ हे शब्द सगळ्यात जड आहेत. आपले बेत कशामुळे बदलतात ते आठवून पाहा. साहेबांनी रजा नाकारली. मुलाच्या परीक्षेची तारीख बदलली. ज्या लग्नाला जायचं ते पुढे गेलं. ताप आला, डॉक्टरांनी घरीच गोळ्या घेऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. यांतलं एकही कारण नेहमीच्या पॉलिसीत सहसा बसत नाही. प्रवास रद्द होण्याबद्दलचा विमा मोजक्या, नाव घेऊन लिहिलेल्या कारणांसाठी असतो. प्रवाशाचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, गंभीर आजार किंवा अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, नैसर्गिक आपत्ती, काही पॉलिसींत संप, असं त्यांचं साधारण स्वरूप असतं. रुग्णालयात किमान चोवीस तास दाखल असण्याची अट बऱ्याच ठिकाणी असते. त्यामुळे घरी अंथरुणावर काढलेले पाच दिवस कितीही खरे असले तरी कागदावर ते आजारपण ठरत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की, धडधाकट माणसानं देशातल्या एका साध्या तिकिटासाठी हा विमा घेण्यात अर्थ नाही. पाच हजारांचं नुकसान कुणालाही बोचतं, पण बहुतेक विमानप्रवाशांचा महिना त्यानं कोलमडत नाही. त्यातून दर पंधरा-सोळा प्रवासांमागे एकदा आपल्या घरी कुणीतरी रुग्णालयात दाखल होतं, असंही सहसा नसतं. चार जणांच्या कुटुंबासाठी प्रत्येकी 299 म्हणजे 1,196 रुपये होतात. विमा कंपनीनं गोळा केलेल्या हप्त्यांतून दावे देऊन शिवाय कार्यालय, दलाली आणि नफा भागवायचा असतो. त्यामुळे सरासरीनं पाहिलं तर प्रत्येक विमाधारक थोडा तोट्यातच असतो आणि त्यात काही गैर नाही. हा तोटा सोसावा तो आपल्याला न पेलणाऱ्या नुकसानासाठी.

ज्या चौकटीपासून सुरुवात केली तिच्याबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत ग्राहकाला न विचारता खरेदीत एखादी वस्तू घुसवणं ही एक युक्ती म्हणून नोंदवली आहे, आणि तिच्या उदाहरणांत विमानतिकिटासोबत आपोआप जोडलेला प्रवास विमा आहे. नकार देणाऱ्याला ओशाळं करणं ही दुसरी. तिचं उदाहरणही विमानतिकिटाचंच आहे. विमा न घेणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवायला लावतात, ते. तेव्हा खूण आधीच केलेली दिसली तर ती काढायचा आणि त्या वाक्यानं न बिचकण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. घाई करायचंही कारण नाही, कारण विमा त्याच चौकटीतून घ्यावा लागतो असं नाही. तो विमा कंपनीकडून वेगळा, पॉलिसी वाचून, त्याच संध्याकाळी घेता येतो.

आणखी एक गैरसमज इथंच दूर करू. विमान कंपनीनंच उड्डाण रद्द केलं तर काय, या भीतीनं बरेच जण विमा घेतात. पण अशा वेळी तिकिटाचे पैसे परत देण्याची किंवा पर्यायी विमान देण्याची जबाबदारी कंपनीचीच असते, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी. डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हा सरकारनं कंपनीला सगळे परतावे देऊन टाकण्यासाठी 7 डिसेंबरची मुदत घालून दिली होती. त्या दिवसांत ज्यांचं खरं नुकसान झालं ते तिकिटापलीकडचं होतं. हॉटेलचे आगाऊ भरलेले पैसे गेले, किंवा वेगळ्या कंपनीचं वेगळं काढलेलं पुढचं विमान चुकलं. दोन विमानं एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर विमान कंपनी सोय करते. दोन तिकिटं वेगवेगळी असतील तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही फक्त न आलेले प्रवासी असता. विम्यातलं ‘चुकलेली जोडणी’ हे कलम अशांसाठी असतं आणि त्यांनी ते जरूर पाहावं.

कंपनीच बुडाली तर मात्र गोष्ट वेगळी होते. मे 2023 मध्ये गो फर्स्टनं उड्डाणं थांबवून दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा आगाऊ तिकीट काढलेल्या प्रवाशांचे पैसे त्या प्रक्रियेत अडकले. विमान कंपनीची दिवाळखोरी हे कारण अनेक पॉलिसींत वगळलेलं असतं, त्यामुळे विमा घेऊनही अशा वेळी हात रिकामेच राहू शकतात.

आता मोठ्या तिकिटाकडे वळू. तिथं हिशेब खऱ्या अर्थानं बदलतो. सांगलीच्या एका निवृत्त जोडप्याचं उदाहरण कल्पू. काका 67 वर्षांचे, काकू 63 च्या. मुलगी टोरांटोला असते, जूनमध्ये तिचं बाळंतपण आहे. काका-काकू मे महिन्याच्या मध्यावर निघून पाच महिने राहणार. जानेवारीत स्वस्त तिकीट दिसतंय, मुंबईहून जाऊन-येऊन प्रत्येकी 1,30,000 रुपये, नॉन-रिफंडेबल. मुलगी फोनवर सांगते, बाबा, आजच काढून टाका, उद्या भाव चढेल.

तिकिटाची फोड उघडली तर मूळ भाडं 62,000 दिसतं आणि खाली ‘कर आणि अधिभार’ या एका ओळीत 68,000. काका खूश होतात, निम्म्याहून जास्त पैसे परत मिळतील म्हणून. पण त्या ओळीवर टिचकी मारून आत पाहावं लागतं. आत YQ आणि YR अशा खुणांसमोर 46,000 रुपये आहेत. हे सरकारचे कर नव्हेत. विमान कंपनीनं स्वतः लावलेले इंधनाचे आणि इतर अधिभार या खुणांनी दाखवतात, आणि नॉन-रिफंडेबल तिकिटावर ते मूळ भाड्यासोबतच बुडतात. खरे कर आणि विमानतळ शुल्क फक्त 22,000. म्हणजे प्रत्येकी नुकसान 1,08,000, दोघांचं मिळून 2,16,000. विमान परदेशी कंपनीचं असेल तर परतावा तिच्या देशाच्या नियमांनुसार मिळतो, म्हणून हा 22,000 चा आकडाही तिकिटाच्या अटींत तपासून घ्यायचा. एवढी रक्कम निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला पेलणारी नाही, म्हणून विम्याचा विचार इथं योग्य आहे.

पुढचा प्रश्न कारणांचा. काका-काकूंचा प्रवास कशामुळे मोडू शकतो? कागद घेऊन लिहायला बसलं तर पहिलं कारण समोर येतं ते व्हिसाचं. कॅनडाचा व्हिसा अजून हातात नाही. तो नाकारला गेला किंवा वेळेत आला नाही तर दोन लाख गेले. व्हिसा नाकारल्याबद्दल तिकिटाची भरपाई साध्या पॉलिसीत नसते. काही योजनांत ती जादा पैसे भरून मिळते, तिच्या अटी वेगळ्या. बऱ्याच कंपन्या व्हिसा नाकारल्यास विम्याचा हप्ता परत देतात आणि लोक त्यालाच संरक्षण समजतात, पण तो फक्त हप्ता असतो, तिकीट नव्हे. या धोक्यावरचा सगळ्यात चांगला उपाय विमा नाहीच. व्हिसा आल्यावर तिकीट काढायचं. भाडं दहा-पंधरा हजारांनी वाढलं तरी चालेल, कारण या जोडप्याच्या यादीतला सगळ्यात मोठा धोका त्यानं पूर्ण नाहीसा होतो. मुलीला हे पटवणं कठीण जाईल, पण हिशेब काकांच्या बाजूनं आहे.

दुसरं कारण काकांची तब्येत. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, मधुमेह आहे. आधीपासूनचे आजार आणि त्यांतून उद्भवलेली दुखणी प्रवास रद्द होण्याच्या विम्यातून बहुधा वगळलेली असतात. म्हणजे काकांना छातीत दुखून दाखल करावं लागलं, तर ज्या कारणाची भीती सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच कारणासाठी दावा नाकारला जाण्याची शक्यता दाट. म्हणून अर्जात आजार लपवावेत का? मुळीच नाही. लपवलेला आजार जुन्या डिस्चार्ज कार्डावरून, औषधांच्या चिठ्ठ्यांवरून सहज निघतो, आणि मग तिकिटाचाच नव्हे, परदेशातल्या रुग्णालयाचा दावाही धोक्यात येतो. आजार लिहूनच द्यायचे आणि ते कोणत्या मर्यादेपर्यंत मान्य होतात हे लेखी विचारायचं. काही योजना आधीच्या आजारातून जिवावर बेतलेल्या प्रसंगी परदेशातल्या उपचारांचा खर्च देतात, पण म्हणून तिकिटाचे पैसेही देतील असं नाही. दोन्ही कलमं वेगवेगळी वाचावी लागतात.

तिसरं कारण काकांची आई. वय 89, धाकट्या भावाकडे मिरजेला. त्यांचं काही बरंवाईट झालं तर काका जाणार नाहीत हे उघड आहे. इथं पॉलिसीतली ‘जवळचे नातेवाईक’ याची व्याख्या काढून वाचायची. कुठं पती-पत्नी, मुलं आणि आई-वडील एवढेच असतात, कुठं सासू-सासरे आणि भावंडंही धरतात. काही ठिकाणी वयाची अट असते. नातेवाइकाच्या आधीपासूनच्या आजाराचाही अपवाद असू शकतो. आजींना चार वर्षांपासून दम्याचा त्रास असेल आणि त्याच त्रासानं त्या रुग्णालयात गेल्या, तर कंपनी तो आजार जुना ठरवू शकते. विमा प्रतिनिधी फोनवर ‘सगळं कव्हर आहे काका’ म्हणेल. त्याला म्हणायचं, हेच मेलवर लिहून द्या. आईचं वय इतकं, आजार हा, त्यांना दाखल करावं लागलं किंवा त्यांचं निधन झालं, तर माझ्या तिकिटाचे पैसे मिळतील का? उत्तर लेखी आलं तर विमा घेण्याला अर्थ आहे. टाळाटाळ झाली तर ते कारण यादीतून खोडून पुढचा हिशेब करायचा.

चौथं कारण, बाळंतपण आठ महिन्यांतच झालं आणि लवकर निघावं लागलं. ते विम्यात नाही. त्यासाठी तारीख बदलायचं शुल्क किती आहे ते तिकिटाच्या अटींत पाहायचं. नॉन-रिफंडेबल तिकीट बऱ्याचदा काही शुल्क आणि भाड्यातला फरक भरून दुसऱ्या तारखेला नेता येतं, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

व्हिसा आला असं धरू. आता यादीत उरलं काय? दोघांपैकी कुणाला अचानक नवं आजारपण, पडून हाड मोडणं, डेंगीनं दाखल होणं, आणि लेखी हमी मिळाली तर आजींचं आजारपण किंवा निधन. इथं जोडप्याच्या बाजूची एक गोष्ट आहे. सहप्रवासी आजारी पडला तर दुसऱ्याच्याही तिकिटाचे पैसे देणारं कलम पॉलिसीत असेल, तर दोघांपैकी कुणाचंही कारण दोन्ही तिकिटांना लागू पडतं. शक्यता जवळजवळ दुप्पट होते, हप्ता मात्र तेवढाच राहतो.

या वयात कॅनडात पाच महिने काढायचे तर वैद्यकीय विमा घ्यावाच लागणार. तिथला रुग्णालयाचा एका रात्रीचा खर्च तिकिटापेक्षा जास्त होऊ शकतो, त्यामुळे या भागावर चर्चा नको. प्रश्न उरतो तो फक्त त्यातल्या दोन योजनांमधल्या फरकाचा. समजा, प्रवास रद्द होण्याचं कलम नसलेली योजना आणि असलेली योजना यांच्या हप्त्यात माणशी 2,600 रुपयांचा फरक आहे. त्या कलमाखाली भरपाईची मर्यादा 1,000 डॉलर लिहिली आहे. डॉलर 90 रुपये धरला तर 90,000. आपलं नुकसान 1,08,000, म्हणजे 18,000 तरीही खिशातून जाणार. ही मर्यादा लोक बघत नाहीत. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 1,00,000 डॉलर असा ठळक आकडा असतो, तो रुग्णालयाच्या खर्चासाठी. तिकिटाची मर्यादा आत, लहान अक्षरांतल्या तक्त्यात असते.

2,600 ला 90,000 नं भागलं की तीन टक्क्यांहून किंचित कमी येतं, सुमारे पस्तिसात एक. तिकीट काढल्यापासून निघेपर्यंतच्या काही महिन्यांत, साठी ओलांडलेली दोन माणसं आणि मिरजेच्या आजी यांच्यापैकी कुणाच्या तरी मान्य कारणामुळे प्रवास मोडण्याची शक्यता पस्तिसात एक आहे का? आजी विम्यात बसत असतील तर माझं उत्तर होय असं आहे, आणि नुकसान न पेलणारं आहे म्हणून काकांनी तो फरक भरावा. आजी आणि काकांचं हृदय दोन्ही वगळलेले असतील तर उरलेल्या कारणांसाठी हा व्यवहार काठावरचा होतो.

आणखी एक मार्ग तुलनेला घ्यायला हवा. विमान कंपनीचंच परत मिळणारं तिकीट. समजा, ते माणशी 18,000 नं महाग आहे आणि रद्द केल्यास 20,000 कापून बाकी सगळं परत देतं, कारण कोणतंही असो. प्रवास झाला तर 18,000 जास्त गेले. प्रवास मोडला तर 1,08,000 ऐवजी 20,000 चं नुकसान, म्हणजे 88,000 वाचले. वाचणारी रक्कम जादा खर्चाच्या जवळपास पाचपट आहे, म्हणून मोडण्याची शक्यता सहात एक किंवा त्याहून जास्त असेल तर हे तिकीट परवडतं. डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची गरज नाही, आजार जुना की नवा हा वाद नाही. आजी खरोखर अंथरुणाला खिळलेल्या असतील तर काकांसाठी विम्यापेक्षा हेच तिकीट योग्य ठरेल. तिकीट विकणाऱ्या वेबसाइट्स ‘मोफत रद्द करा’ अशी एक वेगळी सोय थोडे पैसे घेऊन विकतात, तिचाही विचार असाच करायचा. ती बऱ्याचदा कारण विचारत नाही, पण भरपाईला कमाल मर्यादा असते आणि निघण्याच्या किती तास आधी रद्द करायचं याची मुदत असते.

विमा घ्यायचा ठरलाच तर तो तिकिटाच्याच दिवशी घ्यावा. वैद्यकीय संरक्षण तुम्ही निघाल्यावर सुरू होतं, प्रवास रद्द होण्याचं मात्र पॉलिसी निघाल्यापासून. एका प्रवासाच्या पॉलिसीचा हप्ता वय, देश आणि मुक्कामाचे दिवस यांवर ठरतो. चार महिने आधी घेतली म्हणून सहसा जास्त पैसे पडत नाहीत. तरीही बहुतेक लोक निघायच्या आदल्या आठवड्यात विमा घेतात आणि ज्या काळात तिकीट बुडण्याचा धोका होता तो सगळा काळ विम्याविना काढतात. युरोपला जाणाऱ्यांचं हे आपोआप बरं होतं, कारण शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा अर्जासोबतच जोडावा लागतो. आजी रुग्णालयात दाखल झाल्यावर विमा घेऊन मात्र उपयोग नाही. आधीच घडलेल्या किंवा माहीत असलेल्या घटनेसाठी भरपाई मिळत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना एक वेगळी सोय मिळते. तिथं कोणत्याही कारणासाठी प्रवास रद्द करता येईल असं जादा कलम विकत मिळतं. पण ते पूर्ण पैसे देत नाही, साधारण निम्मे ते तीन चतुर्थांश देतं. पहिला हप्ता भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत ते घ्यावं लागतं आणि बहुधा निघण्याच्या 48 तास आधी प्रवास रद्द करावा लागतो. आई-वडिलांना बोलावताना त्यांची तिकिटं तिथून काढली तरी भारतात राहणाऱ्यांना ते कलम लागू होतं का, हे आधी विचारावं.

दावा करायची वेळ आली तर पहिलं काम तिकीट रद्द करणं. गडबडीत ते राहून जातं, विमान निघून जातं आणि तुम्ही न आलेले प्रवासी ठरता. काही तिकिटांवर न येण्याचा दंड वेगळा असतो, आणि वेळीच रद्द केलं असतं तर जे पैसे विमान कंपनीकडून मिळाले असते ते विमा कंपनी देत नाही. रद्द केल्यावर विमान कंपनीकडून किती परत आले आणि किती बुडाले हे सांगणारं पत्र किंवा मेल मागून घ्यायचा. विमा कंपनी फक्त बुडालेला भाग देते, आणि दावे अडकतात ते बहुधा याच कागदावर. मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर विमान कंपनीकडेही कागदपत्रांसह विनंती करून पाहावी. काही कंपन्या अशा वेळी शुल्क सोडतात किंवा पुढच्या प्रवासासाठी रक्कम राखून ठेवतात.

रुग्णालयाच्या कागदांत दोन गोष्टी हव्यात. दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख-वेळ, आणि रुग्ण अमुक तारखेला प्रवास करू शकत नाही असं डॉक्टरांनी लिहिलेलं वाक्य. हे प्रमाणपत्र तिकीट रद्द करण्यापूर्वीच्या तारखेचं असलं तर पुढचे प्रश्न कमी होतात. आजार केव्हापासून आहे ही नोंदही नीट वाचून घ्यावी. घाईत एखादा निवासी डॉक्टर ‘पाच वर्षांपासून’ असं लिहून जातो आणि नव्या आजाराचा जुना होतो. नोंद चुकीची असेल तर रुग्णालयात असतानाच दुरुस्त करून घ्यावी.

दावा नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला हे लेखी मागावं. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत, वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. तक्रारीसोबत पॉलिसी, अर्जाची प्रत, विमान कंपनीचं पत्र, डिस्चार्ज कार्ड, आणि आजींबद्दल विचारलेल्या प्रश्नाला प्रतिनिधीनं मेलवर दिलेलं उत्तर जोडायचं.